'हे कशावरून?': विज्ञान-इतिहासाचे माहितीपट निवडायला शिकताना

आमच्याकडे कराडला वाचनालयात शनिवारी संध्याकाळी माहितीपट दाखवतात. एकदा भूकंपांवरचा एक माहितीपट लावला होता. निवेदक भारदस्त आवाजात कोयनेच्या भूकंपाबद्दल सांगत होता आणि पडद्यावर काँक्रीटच्या सहा-सात मजली इमारती कोसळत होत्या. पाटणकडचे एक आजोबा उठून म्हणाले, "अहो, कोयनानगरला तेव्हा असल्या माड्या होत्याच कुठं? दगडामातीची घरं पडली होती आमची." निवेदन कोयनेचं होतं आणि चित्रं भलत्याच देशातली. आजोबा बोलले नसते तर ही गोष्ट बाकी कुणाच्याही लक्षात आली नसती.

नव्याने माहितीपट बघायला लागणाऱ्यांना मी एकच प्रश्न शिकवतो: "हे कशावरून?" माहितीपट रटाळ का होतो आणि एकांगी का होतो, याची कारणं वेगवेगळी वाटतात, माझ्या मते त्यांचं मूळ एकच आहे. निष्कर्ष सांगायचा, पण तो कसा निघाला ते दाखवायचं नाही, असं झालं की बघणाऱ्याला करायला काही उरत नाही. मग तो एकतर कंटाळतो, नाहीतर समोरचं सगळं निमूटपणे मान्य करतो. 'कशावरून' दाखवणारा माहितीपट हे दोन्ही टाळतो, कारण शोध कसा लागला ही मुळातच रंगणारी गोष्ट असते आणि पुरावा समोर ठेवला की तो तपासायची वाटही खुली होते.

याचा मला सर्वात आवडणारा नमुना खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या १९८० सालच्या 'कॉसमॉस' मालिकेच्या पहिल्या भागात आहे. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आहे हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात एका ओळीत असतं. सेगन ती ओळ बाजूला ठेवतात आणि इजिप्तचा नकाशा घेऊन बसतात. एक काठी अलेक्झांड्रियात, दुसरी दक्षिणेला सायीनमध्ये. एकाच दिवशी भर दुपारी सायीनमध्ये सावली पडत नाही, अलेक्झांड्रियात मात्र पडते. नकाशा सपाट असताना असं होणं शक्य नाही. मग ते नकाशा हातांनी वाकवतात आणि दोन सावल्यांमधला फरक तुमच्या डोळ्यांसमोर उमटतो. कोन सुमारे ७ अंशांचा, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा हिस्सा. दोन गावांमधलं अंतर ८०० किलोमीटर. गुणाकार तुम्ही मनातच करून मोकळे होता. काही मिनिटांचा प्रसंग आहे, पण सातवीतली मुलंसुद्धा त्यात गुंगून जातात, आणि प्राचीन ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने हे कसं केलं हे त्यांच्या कायमचं लक्षात राहतं.

हीच मालिका इतिहासात मात्र घसरते. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा शेवट आणि ४१५ साली झालेली तिथल्या गणितज्ञ हायपेशियाची हत्या या दोन गोष्टी सेगन एकमेकींना जोडून दाखवतात. इतिहासकारांना ते मान्य नाही. ते ग्रंथालय एका घटनेत संपलं नव्हतं, त्याची पडझड अनेक शतकं चालली होती आणि हायपेशियाच्या मृत्यूशी तिचा असा थेट संबंध लावता येत नाही. दोन प्रसंग मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहा. काठ्यांच्या प्रसंगात 'कशावरून' आहे, ग्रंथालयाच्या प्रसंगात फक्त दृश्य आणि हळहळ आहे. मालिका एक, माणूस एक, तरी असा फरक पडतो. म्हणून अमुक वाहिनीचं म्हणजे चांगलंच किंवा अमुक नावाचं म्हणजे विश्वासाचंच, असं धरून चालू नका. प्रश्न दर प्रसंगाला विचारायचा.

पहिली पायरी: ओळखीच्या विषयापासून सुरुवात करा

नवखी माणसं बहुधा कृष्णविवरं, इजिप्तचे पिरॅमिड अशा दूरच्या विषयापासून सुरुवात करतात. तिथे आपल्याजवळ ताडून बघायला काहीच नसतं. त्यापेक्षा ज्या विषयाची थोडी तरी माहिती घरात, गावात आहे असा विषय घ्या. पाटण-कराडच्या माणसाने कोयनेचा भूकंप घ्यावा, सांगलीकराने कृष्णेचा महापूर, कुंडल-पलूसच्या माणसाने प्रतिसरकार. या विषयावरचे दोन-तीन माहितीपट पाहिले की कोण काळजीने काम करतो आणि कोण वेळ मारून नेतो हे चटकन कळतं. त्या आजोबांना जे दिसलं ते दिसण्यासाठी पदवी लागली नव्हती. तीच नजर मग दूरच्या विषयांवरही काम करते.

दुसरी पायरी: चालू करण्याआधी पाच मिनिटं

आधी वर्ष पाहा. व्हिडिओ यूट्यूबवर कधी चढवला ते वर्ष नव्हे, माहितीपट कधी बनला ते. विज्ञानात याला फार महत्त्व आहे. कोयनेवरचा १९९०चा माहितीपट कितीही प्रामाणिक असला तरी तिथे पुढे घेतलेल्या खोल विंधनविवरांबद्दल त्यात काही असणं शक्य नाही. जुना म्हणून टाकून देऊ नका, फक्त तो कुठपर्यंतचं सांगू शकतो हे मनात ठेवा.

मग सरळ शेवटी जा आणि श्रेयनामावली पाहा. ही गोष्ट लोक करत नाहीत आणि तिथेच फसतात. चित्रफिती कुठल्या संग्रहातून घेतल्या, सल्लागार कोण होते, पैसा कुणी दिला, हे सगळं तिथे असतं. डिस्कव्हरी वाहिनीने २०१३ साली 'मेगालोडॉन' नावाचा कार्यक्रम दाखवला. लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला अवाढव्य शार्क अजून जिवंत आहे, असं त्यात सुचवलं होतं. त्यातले 'शास्त्रज्ञ' हे अभिनेते होते आणि तसा खुलासा काही क्षणांसाठी पडद्यावर येऊन गेला. श्रेयनामावली आधी पाहिली असती तर सगळा प्रकार दोन मिनिटांत उघड झाला असता. संग्रहांची नावं, सल्लागारांची नावं यातलं काहीच नसलेला, नुसत्या एका चॅनेलच्या नावाने फिरणारा व्हिडिओ असेल तर मी तो नव्या माणसाला सुचवत नाही.

तिसरी पायरी: पहिली पंधरा मिनिटं चित्राकडे लक्ष

आवाज आपल्याला ओढून नेतो, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं आवाज बंद करून पाहा. निवेदन जाऊन नुसती चित्रं उरली की विचारा: हे खरोखर त्या जागेचं, त्या काळाचं आहे का? नकाशा आहे का? पुनर्निर्मित प्रसंग असेल तर तसं लिहिलं आहे का?

चित्र किती फसवू शकतं याचं एक गाजलेलं उदाहरण सांगतो. डिस्नेच्या १९५८ सालच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी थव्याथव्याने कड्यावरून समुद्रात उड्या मारून आत्महत्या करताना दाखवले आहेत. त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्करही मिळालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने छडा लावला, तेव्हा कळलं की चित्रीकरण आल्बर्टा प्रांतात झालं होतं. त्या प्रांताला समुद्र नाही आणि लेमिंग तिथले नाहीतच. ते बाहेरून आणले होते, फिरत्या चकतीवर पळवून थोड्या प्राण्यांचा मोठा थवा भासवला होता आणि शेवटी त्यांना नदीत ढकललं होतं. लेमिंग आत्महत्या करतात हा समज जगभर अजून टिकून आहे, त्यात या चित्रांचा मोठा वाटा आहे.

प्रेक्षकाला हे ओळखता आलं असतं का? पूर्णपणे नाही, पण संशय नक्की घेता आला असता. तोच प्रसंग वरून, बाजूने, अगदी जवळून, असा अनेक कोनांतून सलग दिसतो, तेव्हा कॅमेरे आधीपासून मांडून ठेवलेले असतात. जंगलात घडणारी अवचित गोष्ट इतकी शिस्तीत टिपता येत नाही. निसर्गावरचं काही पाहताना एवढं ध्यानात ठेवलं तरी खूप झालं. चित्रीकरण कसं केलं हे शेवटी वेगळं दाखवणारे माहितीपट म्हणूनच मला जास्त भरवशाचे वाटतात.

चौथी पायरी: वादाची जागा शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. प्रत्येक विषयात एक जागा अशी असते जिथे जाणकारांचं एकमत नसतं, किंवा ठरलेलं आणि न ठरलेलं यांची सीमा असते. माहितीपट तिथे कसा वागतो ते पाहा. बाकी ठिकाणी सगळेच सभ्य असतात.

हवामानबदलावरचे दोन माहितीपट शेजारी ठेवले की हे नीट कळतं. पहिला, अल गोर यांचा २००६ सालचा 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रुथ'. ब्रिटनच्या सरकारने तो शाळांमध्ये दाखवायचं ठरवलं, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी निर्णय दिला: माहितीपटाची मुख्य मांडणी विज्ञानाला धरून आहे, मात्र नऊ ठिकाणी तो शास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतापासून सुटतो, शिक्षकांच्या हाती त्याची टिपणं देऊन मगच दाखवावा. त्यातलं एक ठिकाण समुद्राच्या पातळीचं. बर्फ वितळून पाणी जवळपास ७ मीटरने चढेल हे दाखवताना शहरं बुडण्याची चित्रं येतात आणि हे लवकरच घडेल असा भास होतो. प्रत्यक्षात एवढी वाढ व्हायला हजारो वर्षं लागतील, असं न्यायालयाने नोंदवलं. म्हणजे आकडा खरा होता, काळ गाळला होता.

दुसरा, ब्रिटनच्या चॅनेल फोरने मार्च २००७ मध्ये दाखवलेला 'द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल'. माणसामुळे हवामान बदलत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यात तापमानाचा एक आलेख होता. मूळ माहिती ऐंशीच्या दशकात संपत होती, पण आडव्या अक्षावर ती रेघ थेट 'आज'पर्यंत ताणलेली होती, त्यामुळे अलीकडची तापमानवाढच दिसेनाशी झाली. टीका झाल्यावर ती दुरुस्त केली गेली. त्यात समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श बोलताना दिसतात. आपलं बोलणं भलत्या संदर्भात वापरलं, अशी त्यांनी तक्रार केली. समुद्र तापला की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणून तापमानवाढ धोक्याची, असं त्यांना सांगायचं होतं. माहितीपटात ते असं बसवलं की वायू समुद्रातूनच येतो, माणसाचा संबंध नाही. नियामक संस्था ऑफकॉमने २००८ साली वुन्श यांच्याशी न्याय्य वागणूक झाली नाही असा निर्णय दिला.

दोन्हींत चुका आहेत म्हणून दोन्ही सारखेच, असं मुळीच नाही. पहिल्याचा पाया शाबूत राहतो आणि वरचे काही मजले जास्त उंच केलेले आहेत, तर दुसऱ्याचा निष्कर्षच त्या ताणलेल्या रेघेसारख्या गोष्टींवर उभा आहे. तुम्ही स्वतःला विचारायचं ते हेच: ही चूक काढून टाकली तर मुख्य म्हणणं टिकतं का? 'दोन्ही बाजू समान दाखवल्या' म्हणजे माहितीपट समतोल झाला असंही नाही. पुराव्याचं वजन एका बाजूला असेल तर ते तसंच दाखवायला हवं.

व्यवहारात तीन जागा हमखास तपासा. आलेख दिसला की थांबवा आणि दोन्ही अक्षांवर काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलं नसेल तर तो आलेख नव्हे, नक्षी आहे. तज्ज्ञ बोलताना वाक्य अर्ध्यात कापलं जाऊन लगेच निवेदक निष्कर्ष सांगायला लागला तर तिथे खूण करून ठेवा आणि त्या तज्ज्ञाची पूर्ण मुलाखत मिळते का ते शोधा. आणि मोठा आकडा ऐकला की 'किती काळात?' हे विचारा.

एक विषय पूर्ण करून पाहू: कोयना

आता हे सगळं कोयनेवर लावून बघू. माहितीपट लावण्याआधी विषयाचा एका पानाचा सांगाडा करून ठेवा; विश्वकोश, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या एवढ्यावर तो होतो. साधारण असा:

कोयना धरणाची उंची १०३ मीटर. शिवाजीसागर जलाशयात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागलं आणि पुढच्या काही महिन्यांत परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, मोठा भूकंप झाला. तीव्रता ६.३ असं आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिहितात, काही परदेशी नोंदींत ती थोडी जास्त आहे. सुमारे दोनशे माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं. त्यानंतर आजतागायत त्याच टापूत, साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा पट्ट्यात, धक्के येत राहिले आहेत.

वादाची जागा कुठली? धरणामुळे भूकंप झाला का, ही. एका टोकाचे माहितीपट सरळ म्हणतात की धरणाने भूकंप घडवला आणि मग प्रत्येक धरणाच्या चित्रावर भीतीदायक संगीत वाजवतात. दुसऱ्या टोकाचे धरणाचा संबंधच नाकारतात किंवा तो विषय शिताफीने टाळून यंत्रसामग्री आणि वीजनिर्मितीचं कौतुक करतात. बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ जे मानतात ते या दोन्हींहून वेगळं आहे. जमिनीखालच्या भ्रंशात, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेत, ताण आधीपासून साठलेला होता. जलाशयाने तो निर्माण केला नाही, सुटायला निमित्त दिलं. पाण्याचं वजन तर होतंच, शिवाय पाणी भेगांमधून खोल मुरलं आणि तिथला दाब वाढला. एकमेकींवर घट्ट बसलेल्या दोन जड फरश्यांच्या मध्ये पाणी शिरलं की त्या सरकायला सोप्या होतात, तसं काहीसं. ताणच नसेल तर कितीही पाणी भरा, भूकंप होणार नाही. देशात हजारो धरणं आहेत, त्यांतल्या फारच थोड्यांच्या परिसरात असं काही आढळलं आहे.

मग चांगला माहितीपट 'कशावरून' कसं दाखवेल? पहिली गोष्ट, जलाशयाची पातळी आणि धक्क्यांची संख्या एकाखाली एक ठेवून. पावसाळ्यात तलाव भरतो तेव्हा आणि पुढे पाणी उतरू लागतं तेव्हा धक्के वाढतात, हा संबंध अनेक वर्षांच्या नोंदींत दिसतो. दुसरी गोष्ट, वारणा. दक्षिणेला चांदोलीच्या वारणा धरणात १९८५ पासून पाणी साठू लागलं, आणि नव्वदच्या दशकात धक्क्यांचा जोर त्या बाजूलाही वाढला. नवं पाणी भरलं आणि भूकंपांची जागा त्या दिशेने पसरली, ही बाब नुसत्या योगायोगाच्या कल्पनेला मोठा धक्का देते. कोयनेवरच्या माहितीपटात वारणेचा उल्लेखच नसेल तर करणाऱ्याने गृहपाठ अर्धवट केलाय असं मी समजतो.

तिसरी गोष्ट कराडशी संबंधित आहे. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा इथेच आहे. तिच्यामार्फत कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विवर घेतलं गेलं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट तिथे साधारण सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. पण धक्के जिथे उगम पावतात ते थर याहून बरेच खोल आहेत. भूकंपाच्या उगमापाशी पाण्याचा दाब नेमका किती असतो हे अजून थेट मोजलेलं नाही. २०१७ नंतरचा माहितीपट ही मर्यादा मोकळेपणाने सांगत असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. "शास्त्रज्ञांनी रहस्य उलगडलं" एवढ्यावर संपत असेल तर जरा हात आखडता घ्या.

एक गोष्ट मात्र तांत्रिक माहितीपटांत हमखास सुटते, ती म्हणजे माणसं. धरणाखाली गेलेली गावं, भूकंपात घरं गेलेले लोक, विस्थापितांचे वर्षानुवर्षं रेंगाळलेले प्रश्न. भूगर्भाचा माहितीपट या सगळ्यात शिरला नाही म्हणून तो लगेच एकांगी ठरत नाही. त्याचा विषयच तेवढा आहे. पण तो पाहिल्यावर लोकांच्या तोंडून सांगितलेला दुसरा माहितीपट जोडीला पाहा, आणि उलटही करा. विस्थापितांवरच्या माहितीपटाने भूकंपाचं विज्ञान एका वाक्यात उरकलं असेल तर तेवढं वाक्य तपासून घ्या.

इतिहासासाठी: कोण बोलतंय आणि कुणाचा आवाज नाही

इतिहासात 'कशावरून' याचं उत्तर बहुधा तीन प्रकारचं असतं: कागद, जुनी चित्रफीत, आणि माणसाची आठवण. प्रत्येकाची परीक्षा वेगळी.

प्रतिसरकारचं उदाहरण घ्या. ७ जून १९४३ रोजी शेणोली इथे प्रतिसरकारच्या तुफान सेनेने सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वेगाडी अडवून पैसा ताब्यात घेतला. त्यात असलेले कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांची आठवण 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने चित्रित केली आहे. ती पाहताना अंगावर काटा येतो. हा लोकांचाच पैसा होता, तो आम्ही परत आणला, ही त्यांची भूमिका. तीच घटना ब्रिटिश सरकारच्या दप्तरात निव्वळ गुन्हा म्हणून नोंदली जाणार, हे उघड आहे. चांगला माहितीपट वृद्धाची आठवण आदराने ऐकतो, आणि तारीख, ठिकाण, रक्कम अशा गोष्टी कागदांशी जुळवून घेतो. सत्तर वर्षांनंतर माणसाला प्रसंग आणि त्यातली भावना लख्ख आठवते, आकडे आणि क्रम मात्र सरमिसळ होतात. इथली वादाची जागा म्हणजे प्रतिसरकारच्या लोकन्यायालयांनी दिलेल्या शिक्षा. क्रांतिसिंह नाना पाटलांचं मोठेपण सांगताना या शिक्षांवर गावात कोण काय म्हणत होतं हेही जो विचारतो, तो माहितीपट विषयाला न्याय देतो.

शोधताना एक उपयोगाची गोष्ट: तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे कुंडलबद्दलचं जुनं साहित्य 'सातारा' या नावाखाली सापडतं.

जुन्या चित्रफितींचं एक उदाहरण पाहा. पीटर जॅक्सन यांच्या २०१८ सालच्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' मध्ये पहिल्या महायुद्धातली मूळ कृष्णधवल दृश्यं रंगवली आहेत, त्यांचा वेग सुधारला आहे आणि सैनिकांच्या ओठांच्या हालचाली वाचून त्यांच्या तोंडी शब्द घातले आहेत. पार्श्वभूमीला खऱ्या सैनिकांच्या ध्वनिमुद्रित आठवणी आहेत. तरुण मुलांना युद्धाचा इतिहास जवळचा वाटावा म्हणून याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. पण रंग आणि आवाज २०१८चे आहेत हे मुलांना आधी सांगा. आणि साताऱ्यात हा पाहताना आणखी एक प्रश्न आपोआप येतो: यात आपली माणसं कुठे आहेत? अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या जवानांचं स्मारक आहे, युरोपच्या त्याच आघाडीवर भारतीय पलटणीही लढल्या. माहितीपट ब्रिटिश पायदळाच्या अनुभवापुरता आहे. त्याने चौकट लहान घेतली हा त्याचा दोष धरू नका, पण ती सगळ्या युद्धाची गोष्ट आहे असं समजून उठूही नका.

क्लोद लान्झमान यांचा १९८५ सालचा 'शोआ' याच्या अगदी उलट वाटेने जातो. ज्यूंच्या संहारावरचा नऊ तासांहून मोठा माहितीपट, आणि त्यात जुनी चित्रफीत एकही नाही. वाचलेले, शेजारी राहणारे, गुन्ह्यात सामील असलेले असे सगळे बोलतात आणि कॅमेरा आज शांत दिसणाऱ्या त्याच जागांवरून फिरतो. नवख्याने तो सलग पाहू नये, थोडाथोडा पाहावा. मुलांसाठी तर तो नाहीच. पण मुलाखत कशी घ्यावी, 'किती वाजता, कुठल्या दारातून, किती माणसं' असे बारीक प्रश्न विचारून आठवणीतून पुरावा कसा काढावा, हे त्यात दिसतं तसं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

घरात किंवा वाचनालयात दाखवताना

एका बैठकीला पाऊण तास पुरतो. मोठा माहितीपट असेल तर भाग करा. वादाची जागा तुम्ही आधी पाहून ठेवलेली असते, बरोबर तिथे थांबवा आणि पुढे काय निष्कर्ष निघेल असं वाटतं ते सगळ्यांना विचारा. बसल्या जागी सर्वात जास्त शिकणं इथेच होतं. इंग्रजी न समजणाऱ्यांसाठी आपोआप तयार होणाऱ्या मराठी-हिंदी उपशीर्षकांवर विसंबू नका, आकडे आणि नावं त्यात हमखास बिघडतात. त्यापेक्षा एकाने अधूनमधून थांबवून मराठीत सांगावं. हिंदी चालत असेल तर चंदिता मुखर्जी यांची 'भारत की छाप' ही दूरदर्शनवरची १९८९ सालची तेरा भागांची मालिका शोधा. भारतातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाचा इतिहास तिच्यात आहे, आणि जुनी असूनही 'हे कशावरून' ती सोडत नाही. दूरदर्शनने तिच्याच आगेमागे दाखवलेली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' मात्र नाट्यरूप आहे. ती जरूर दाखवा, पण संवाद लिहिलेले आहेत आणि पात्रं नटांनी उभी केली आहेत हे सुरुवातीलाच सांगून.

पहिल्या महिन्यासाठी माझी शिफारस अशी: पहिल्या आठवड्यात 'कॉसमॉस'चा पहिला भाग, दुसऱ्यात कोयनेवर मिळेल तो माहितीपट वरच्या सांगाड्यासकट, तिसऱ्यात कॅप्टन भाऊंची मुलाखत, चौथ्यात 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड'. कोयनेच्या दिवशी पाटणकडचं कुणी म्हातारं माणूस बोलावता आलं तर पुढची खुर्ची त्यांना द्या आणि रिमोटही त्यांच्याच हातात ठेवा.